पेपर सबमिट झाला आणि मग कळलं, संदर्भ राहिलेत! आता काय?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: पेपर जर्नलला पाठवून झाला, नंतर वाचताना दिसलं की काही ठिकाणी सायटेशनच नाही. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. गप्प बसायचं की सांगायचं?

सांगायचं. आणि कुणी विचारायच्या आत सांगायचं. कारण तोच मजकूर तुम्ही आधी दाखवलात तर ती दुरुस्ती असते. रिव्ह्यूअरने दाखवला की ती चौकशी होऊ शकते. रिव्ह्यूअर त्याच विषयातला असतो. तुम्ही ज्याचं वाक्य घेतलंय, तोच माणूस तुमचा रिव्ह्यूअर असू शकतो.

माझ्या एका मैत्रिणीचं उदाहरण घेऊ. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेलं, आठवतंय ना? त्या टंचाईत घरोघरी पाण्यावर किती खर्च झाला, यावर तिचा पेपर. सबमिट केला, वेबसाइटवर स्टेटस "Under Review". आणि मग तिला एक चूक दिसली. ती लगेच मेल लिहायला बसली होती. मी म्हटलं, थांब. आधी पूर्ण पेपर तपास. आज एक चूक कळवली, परवा दुसरी, असं झालं की एडिटरचा विश्वास उडतो.

तपासायचं कसं? आधी पेपरमधलं प्रत्येक सायटेशन शेवटच्या यादीत आहे का बघा, मग उलट यादीतून पेपरकडे या. त्यानंतर प्रत्येक आकडा, तक्ता, नकाशा कुठून आला ते विचारा. शेवटी स्वतःच्या नोट्स उघडा आणि दुसऱ्याच्या मुद्द्यावर लिहिलेले परिच्छेद मूळ लेखाशेजारी ठेवून वाचा.

तिला तीन गोष्टी सापडल्या. पहिली, एका अहवालाचं नाव मजकुरात होतं, यादीत नव्हतं. ही साधी राहून गेलेली नोंद. दुसरी, लोकसंख्येचा तक्ता 2011 च्या जनगणनेतला, पण खाली स्रोत नव्हता. तिसरी गंभीर: एका संशोधकाची दोन वाक्यं जशीच्या तशी आली होती. नोट्समध्ये कॉपी केलेली, अवतरणचिन्हं लावलेली नव्हती, त्यामुळे पुढे ती स्वतःचीच वाटली.

इथे बरेच जण चुकतात. अशा वाक्यांमागे नुसतं नाव आणि साल टाकून भागत नाही. शब्दही त्याचेच असतील तर अवतरणचिन्हं हवीत, नाहीतर मुद्दा खरंच स्वतःच्या शब्दांत मांडायचा आणि तरीही संदर्भ द्यायचा.

मग सहलेखकांना सांगायचं. सगळ्यांच्या संमतीने, ज्याच्या नावाने पत्रव्यवहार चालतो त्याने एडिटरला मेल करायचा. तिचा मेल साधारण असा होता:

"लेख क्रमांक अमुक. सबमिट केल्यानंतर पुन्हा वाचताना तीन ठिकाणी संदर्भ राहिल्याचं लक्षात आलं. त्यातल्या एका ठिकाणी दोन वाक्यं मूळ लेखातून शब्दशः आली आहेत. पान आणि ओळ क्रमांक खाली दिले आहेत. दुरुस्त प्रत जोडली आहे, बदल पिवळ्या रंगात आहेत. आकडेवारी आणि निष्कर्ष तेच आहेत. ही प्रत आत्ता रिव्ह्यूअरना द्यायची की रिव्हिजनच्या वेळी, कृपया कळवावं."

बघा, "शब्दशः" हा शब्द तिने लपवला नाही. रडगाणंही नाही. चार दिवसांनी उत्तर आलं: रिव्हिजनच्या वेळी द्या. पण प्रत्येक एडिटर असंच म्हणेल याची खात्री नाही. उचललेला मजकूर जास्त असेल तर पेपर परतही येऊ शकतो.

दोन गोष्टी मात्र करू नका. घाबरून दुसऱ्या जर्नलला पाठवू नका. पहिल्याकडून पेपर रीतसर मागे घेतल्याशिवाय तसं केलं तर ते दुहेरी सबमिशन, म्हणजे नवीन गुन्हा. आणि पेपर स्वीकारला गेला असेल तर प्रूफमध्ये गुपचूप संदर्भ घुसवू नका. प्रूफ टायपिंगच्या चुकांसाठी असतं. तिथेही एडिटरला विचारूनच. पेपर छापून आला असेल तर जर्नल करेक्शनची वेगळी नोंद काढू शकतं. उचललेला भाग मोठा असेल तर पेपर रद्दही होतो.

"पण सिमिलॅरिटी 10 टक्क्यांच्या आत आहे ना!" असं म्हणणारे भेटतात. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. पण तो आकडा जर्नलला बांधून ठेवत नाही. आणि सॉफ्टवेअर जुळणारे शब्द पकडतं. दुसऱ्याची कल्पना तुमच्या शब्दांत आली तर ते गप्प राहतं. ती माणूसच ओळखतो.

तुमचा पेपर आत्ता कुठल्या टप्प्यावर अडकलाय ते लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर, नोट्समध्ये कॉपी केलेल्या ओळीला तिथल्या तिथे अवतरणचिन्हं लावा. भेटूच!