दोन टेम्पो, शंभर डाग

महाडच्या बाजारपेठेतून पोलादपूरला दोन टेम्पो निघायचे आहेत आणि दोन्हींत भार अगदी सारखा हवा, असं समजा. डाग पाच : ८०, ७०, ६०, ५० आणि ४० किलोचे. ८० आणि ७० एकात, उरलेले दुसऱ्यात; दोन्हीकडे १५०. सोपं आहे, कारण वाटण्या सोळाच.

डाग शंभर झाले तर? वाटण्या २⁹⁹. सेकंदाला शंभर कोटी वाटण्या तपासणाऱ्या संगणकालाही सगळ्या पाहायला सुमारे वीस लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय जेमतेम १,३८० कोटी. पण कुणी तयार वाटणी हातात दिली, तर ती बरोबर आहे की नाही हे दोन बेरजा करून लगेच कळतं!

आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर आणि रिचर्ड कार्प यांनी १९८२ मध्ये यावर एक झटपट युक्ती मांडली. सर्वांत जड दोन डाग वेगवेगळ्या टेम्पोंत टाकायचे ठरवा, त्यांच्या जागी त्यांचा फरक लिहा आणि हेच करत राहा. आपल्या डागांवर करून बघू. ८० आणि ७० गेले, १० आले. ६० आणि ५० गेले, आणखी १० आले. उरले ४०, १०, १०, मग ३०, १०, शेवटी २०. म्हणजे १६० आणि १४०. युक्ती वेगवान आहे, बऱ्याचदा छान चालते, पण इथे डोळ्यांसमोरची अचूक वाटणी तिच्या हातून निसटली.

गंमत म्हणजे, खऱ्या टेम्पोवाल्याला काळजी नाही. वजनं शंभर किलोच्या आतली, पूर्ण आकड्यांत असतील, तर ० ते ५,००० किलोपर्यंत चौकटी आखायच्या आणि एकेक डाग घेत कोणती बेरीज जमते तिथे खूण करायची. काम पाचेक लाख पायऱ्यांचं, संगणकाला क्षणाचं. अडचण येते ती वजनं तीस-तीस अंकी झाली की. एक अंक वाढला की चौकटी दसपट होतात, आणि अंक लिहायला मात्र एकच जागा जास्त लागते. ‘जलद’ ठरवताना प्रश्न लिहायला किती जागा लागते त्याच्याशी तुलना करतात. परीक्षेत विद्यार्थी हमखास घसरतात ते इथेच.

कार्प यांनी १९७२ मध्ये दिलेल्या २१ अवघड प्रश्नांच्या यादीत ही वाटणी आहे. ज्याचं उत्तर पटकन तपासता येतं असा कोणताही प्रश्न, मग ते कॉलेजचं वेळापत्रक का असेना, अशा डागांच्या वजनांत रूपांतरित करता येतो, आणि तोही पटकन. म्हणून कितीही लांब आकड्यांवर चालणारी जलद, अचूक रीत कुणाला सापडली, तर ती त्या सगळ्यांवर चालेल. बँकेच्या संदेशांना कुलूप लावणारी किल्लीही त्यातच येते, कारण अंदाजाने धरलेली किल्ली बरोबर आहे का, हेही पटकन तपासता येतं. अशी रीत आहे किंवा नाही, यांपैकी काहीच आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि ती सापडली तरी पायऱ्या डागांच्या संख्येच्या शंभराव्या घाताइतक्या निघाल्या, तर कागदावर ‘जलद’ ठरूनही ती कुणाच्या कामाची नसेल.