बाळाची बाटली कुठली घ्यावी, कधी टाकून द्यावी

बाळाला वरचे दूध द्यावे लागले तर ते वाटी-चमच्याने पाजा, असे आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि ते योग्यच आहे. बाटल्यांच्या जाहिरातींवर तर 1992 च्या कायद्यानेच बंदी आहे. तरीही आई कामावर रुजू झाली की बऱ्याच घरांत बाटली येते. मग दुकानात प्रश्न पडतो: प्लॅस्टिकची, सिलिकॉनची की काचेची? माझ्या मते आधी एकच गोष्ट विचारावी. आपल्या घरात या बाटलीला रोज किती उष्णता सोसावी लागणार आहे?

दुकानात सर्वाधिक दिसणारी बाटली पॉलिप्रोपिलीनची. तळाशी त्रिकोणात 5 हा आकडा असतो. ती हलकी असते, पडली तरी सहसा फुटत नाही आणि उकळत्या पाण्यात वितळतही नाही. मात्र 2020 साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी दाखवून दिले की अशा बाटलीत गरम पाणी घालून हलवले की प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण दुधात उतरतात आणि पाणी जितके गरम तितके ते जास्त. या कणांचा बाळाच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, हे अजून ठरलेले नाही. पण ते टाळता येत असतील तर का टाळू नयेत?

अडचण अशी की पावडरचे दूध कोमट पाण्यात कालवता येत नाही. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी किमान 70 अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यावर उपाय सोपा आहे. उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात गरम पाणी मोजून घ्यावे, त्यात पावडर स्वच्छ चमच्याने ढवळावी, भांडे झाकून थंड पाण्यात ठेवावे आणि दूध पाजण्याइतके कोमट झाले की बाटलीत ओतावे. उकळलेली बाटलीही आधी निवू द्यावी आणि उकळून गार केलेल्या पाण्याने आतून विसळून घ्यावी. प्लॅस्टिकची बाटली मायक्रोवेव्हमध्ये मात्र ठेवू नये. एवढे पाळणार असाल तर पॉलिप्रोपिलीन चालेल.

रोज घाईघाईत दूध थेट बाटलीतच बनणार असेल, तर घरापुरती काचेची बाटली घ्यावी, आणि तीही बोरोसिलिकेट काचेची. ही काच तापल्यावर फारच कमी प्रसरण पावते, म्हणून साध्या काचेसारखी चटकन तडकत नाही. तरीही फ्रीजमधून काढलेली बाटली लगेच उकळत्या पाण्यात टाकू नये. तिचे वजन आणि फुटण्याची भीती हे खरे दोष आहेत. बाळ स्वतः बाटली धरू लागले की मी ती वापरणार नाही. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसते आणि फुटत नाही, पण दुधातली चरबी आणि साबणाचा वास धरून ठेवते. शिवाय बाटली मऊ असल्याने हातात दाबली गेली तर मापाची रेघ फसवते.

भारतात कुठलीही बाटली घ्या, पाकिटावर आयएसआयचे चिन्ह बघा. घरात पडून असलेली जुनी, कडक, काचेसारखी पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली मात्र वापरू नका. ती पॉलिकार्बोनेटची असू शकते, आणि त्यात बिस्फेनॉल-ए असते.

आता बाटली कधी बदलायची ते पाहू. प्लॅस्टिकची बाटली धुऊन, सुकवून उजेडासमोर धरा. आतून पांढुरकी झाली असेल, ब्रशचे ओरखडे नखाला लागत असतील किंवा धुतल्यावरही आंबूस वास येत असेल, तर ती बाद. ओरखड्यात दुधाचा थर बसतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. मापाच्या रेघा पुसट झाल्या तरी बाटली बदलायची, कारण पाणी कमी-जास्त पडले की दूधही घट्ट किंवा पातळ होते. उकळून बाटलीचा आकार बिघडल्याची शंका आली तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासा. 100 मिलीच्या रेघेपर्यंत भरलेल्या पाण्याचे वजन जवळपास 100 ग्रॅम भरले पाहिजे. काचेच्या बाटलीच्या तोंडावरून कापूस फिरवा, तो कुठे अडकला तर तिथे कपची उडालेली आहे. अशी बाटली त्याच क्षणी टाकावी. सिलिकॉन चिकट लागू लागले किंवा सैल पडले की त्याचे दिवस भरले.

निपलचे आयुष्य सगळ्यात कमी. दर वेळी पाजण्याआधी ते सगळ्या बाजूंनी ओढून बघा, विशेषतः बाळाला दात येऊ लागल्यावर, कारण चावून सुटलेला तुकडा घशात अडकू शकतो. चीर, फुगवटा किंवा चिकटपणा दिसला तर ते टाका. बाटली उलटी धरल्यावर दूध थेंबाथेंबाने पडायला हवे. धार लागली तर छिद्र मोठे झाले आहे आणि बाळाला ठसका लागेल.

मोठ्या भावंडाची काचेची बाटली शाबूत असेल तर नवे निपल लावून धाकट्याला देता येईल. प्लॅस्टिकची मात्र नवीच घ्यावी.