तानाजी, घोरपड आणि एक पत्र

तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजीची यशवंती घोरपड कोंढाण्याचा कडा चढते. सभासद बखरीत घोरपड नाहीच; मावळे वानरांसारखे चढले, एवढंच आहे. मग पोवाडा खोटा का? मुळीच नाही! माघ वद्य नवमी, शके १५९१ ला तानाजींनी गड घेतला आणि ते कामी आले, याची नोंद जेधे शकावलीत आहे. मूळ घटना शाहिरांनी नीट जपली.

गडाच्या नावाची गोष्ट मात्र टिकत नाही. तानाजींच्या मरणानंतर कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण महाराजांच्या ३ एप्रिल १६६३ च्या पत्रात ‘सिंहगड’ हेच नाव आहे, लढाईच्या जवळजवळ सात वर्षं आधी! पत्र त्याच दिवसांत, कामापुरतं लिहिलेलं. म्हणून इथे त्याचं वजन जास्त.