एकशेसोळा रोपं आणि वीस पिंपं

2009 मध्ये फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ आला आणि भारतातही कितीतरी लोक संगणकावर शेती करू लागले. त्या शेतीत स्ट्रॉबेरी चार तासांत पिकायची आणि वेळेवर काढली नाही तर वाळून जायची. खेळ बंद केला तरी त्यातलं घड्याळ चालूच असायचं. म्हणून माणसं ऑफिसच्या कामातून उठून किंवा रात्री गजर लावून पीक काढायची. शांतपणे आखणी करत, हळूहळू घडी बसवत खेळायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी ती शेती नव्हती.

त्यांच्यासाठीची शेती 26 फेब्रुवारी 2016 रोजी आली. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बसून घडवला. चित्रं, संगीत, संवाद, प्रोग्रामिंग, सगळं त्याचंच. यातही घड्याळ आहे. खेळातली दहा मिनिटं साधारण सात सेकंदांत सरतात, म्हणजे सकाळी सहापासून रात्री दोनपर्यंतचा दिवस चौदा मिनिटांत संपतो. पण एकट्याने खेळताना सामानाची यादी उघडली की घड्याळ थांबतं, आणि खेळ बंद केला तर महिनाभराने परतल्यावरही शेत जसंच्या तसं असतं.

सुरुवातीला थोडी धावपळ होते, कारण प्रत्येक ऋतू 28 दिवसांचा आणि ऋतू पालटला की बहुतेक पिकं मरतात. फ्लॉवरला बारा दिवस लागतात. वसंतातल्या सोळाव्या दिवशी लावला तर अठ्ठाविसाव्या दिवशी हाती येतो. सतराव्या दिवशी लावला तर बियाण्याचे पैसे गेले. नवा खेळाडू इथेच दमतो आणि हा खेळ घाईचा आहे असं समजून बसतो.

ही घाई संपते ती ग्रीनहाऊस मिळाल्यावर. गावच्या समाजमंदिरात शेतमालाचे ठरावीक संच जमा केले की शेतातलं मोडकं ग्रीनहाऊस दुरुस्त होतं. आत लागवडीच्या 120 जागा आहेत आणि ऋतूच नाहीत. शिवाय तयार झालेलं फळ तोडलं नाही तरी सडत नाही, झाडावर तसंच राहतं. इथून पुढे प्रश्न एकच उरतो: या 120 जागांमधून जास्तीत जास्त काय काढता येईल?

अनुभवी खेळाडूंचं एक आवडतं उत्तर म्हणजे ‘एन्शंट फ्रूट’. हे रोप वाढायला 28 दिवस घेतं आणि नंतर दर सात दिवसांनी फळ देतं. पुन्हा लावायला लागत नाही. सुरुवात बहुधा एकाच बीपासून होते. पहिलं फळ विकायचं नाही. ते बी काढण्याच्या यंत्रात घालायचं, त्यातून सहसा एक ते तीन बिया मिळतात. त्या लावायच्या, त्यांची फळं पुन्हा यंत्रात घालायची. पाणी घालायला सहा इरिडियम स्प्रिंकलर पुरतात. ते नीट मांडले तर त्यांत फक्त चार जागा जातात आणि 116 रोपं बसतात. रोपं वेगवेगळ्या दिवशी लागलेली असल्याने फळंही पुढेमागे येतात, पण सगळी पिकेपर्यंत थांबून एकाच दिवशी तोडली की पुढे सगळ्यांचा वार एक होतो.

एक फळ 550 सोन्याच्या नाण्यांना जातं. त्याची वाईन केली तर तिप्पट, म्हणजे 1,650. वाईन पिंपात तयार होते आणि तिला सात दिवसांपेक्षा थोडा कमी वेळ लागतो. फळही सात दिवसांनी येतं, त्यामुळे आठवड्यातला एक दिवस ठरवला की तोडणी आणि पिंपं भरणं एकाच फेरीत होतं.

आता समजा, खेळाडूकडे पिंपं वीसच आहेत. दर आठवड्याला वीस फळांची वाईन होणार, उरलेली 96 तशीच विकावी लागणार. उत्पन्न 85,800. सगळ्या 116 फळांची वाईन झाली तर 1,91,400. अडलंय कुठे हे शोधायला वही लागत नाही. पेटीत फळं साचत असतील तर पिंपं कमी आहेत, आणि पिंपं रिकामी उभी असतील तर फळं कमी आहेत.

मग पिंपं वाढवायची. एका पिंपाला 30 लाकडं, तांब्याची एक वीट, लोखंडाची एक वीट आणि ओकच्या झाडाचा एक डिंक लागतो. 96 पिंपांना 2,880 लाकडं. ती कुऱ्हाड घेऊन काही दिवसांत जमतात. खरी गाठ डिंकाशी आहे. ओकला लावलेल्या टॅपरमधून साधारण आठवड्याला एकच डिंक मिळतो. आठ झाडांना टॅपर असतील तर 96 डिंकांना बारा आठवडे, चोवीस झाडांना असतील तर चार. म्हणजे वाईनचं उत्पन्न वाढवायचं तर आधी ओक लावायला हवेत. बाग, पिंपं, जंगल असा मागे मागे जाणारा हा माग काढण्यात या प्रकारच्या खेळांची सगळी गोडी आहे. आणि ओक लावायचे आधी सुचलं नाही, तर नुकसान एवढंच की वाईन थोडी उशिरा होते.

तिसऱ्या वर्षाच्या आरंभी आजोबांचा आत्मा येऊन शेताचं मूल्यमापन करतो, म्हणून काहीजण धसका घेतात. पण शेतातल्या त्यांच्या समाधीवर हिरा वाहिला की ते पुन्हा येतात. मुदत अशी ही नाहीच.

शहर उभारणीच्या खेळांत तर घाईची शिक्षाच मिळते. फिनलंडच्या कोलॉसल ऑर्डर या छोट्या कंपनीचा ‘सिटीज: स्कायलाइन्स’ मार्च 2015 मध्ये आला. त्यात खेळ थांबवून ठेवूनही रस्ते आखता येतात, नळ टाकता येतात. नवखा खेळाडू पैसे आले की एकदम मोठा भाग निवासी म्हणून खुला करतो. हजारो लोक एकाच सुमारास राहायला येतात आणि ते जवळपास एकाच वयाचे, तरुण असतात. बराच काळ सगळं सुरळीत चालतं. मग ते सगळे एकाच सुमारास म्हातारे होऊन मरतात. घराघरावर मृत्यूची खूण दिसू लागते, शववाहिन्या रस्त्यांत अडकतात, घरं ओस पडतात. खेळाडू याला ‘डेथ वेव्ह’ म्हणतात. स्मशानं वाढवून तात्पुरता दिलासा मिळतो, पण मूळ कारण लोकसंख्येच्या वयात असतं. उपाय आधीच करायचा: एकेक गल्ली खुली करायची, ती भरली आणि स्थिरावली की पुढची. मग गावात सगळ्या वयांची माणसं राहतात आणि शववाहिन्यांवर एकदम ताण येत नाही.

असा खेळ विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या. खेळ बंद असताना आतलं काही बिघडतं का? थांबवून ठेवून विचार किंवा बांधकाम करता येतं का? आणि एखादी तारीख चुकली तर खेळ संपतो का? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचं ‘हो’ असेल, तर तो खेळ तुमच्या सवडीने खेळता येईल.