डेंग्यूची चाचणी आणि तापाचा दिवस

डेंग्यूच्या रिपोर्टवर बहुधा तीन ओळी असतात: एनएस-१, आयजीएम आणि आयजीजी. प्रत्येकीपुढे ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ छापलेले असते. मात्र रक्त तापाच्या कितव्या दिवशी घेतले हे ठाऊक नसेल, तर या रिपोर्टचा अर्थ नीट लागत नाही. दिवस मोजायचा तो ताप पहिल्यांदा चढला तेव्हापासून, दवाखान्याची पायरी चढल्यापासून नव्हे.

एनएस-१ हे विषाणूचेच एक प्रथिन आहे. विषाणू ज्या पेशींत वाढतो त्या पेशी ते रक्तात सोडतात, म्हणून तापाच्या पहिल्याच दिवसापासून ते सापडू शकते. ते सापडण्याची शक्यता पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त असते. पाचव्या दिवसानंतर ती घसरत जाते. दुसऱ्या दिवशी एनएस-१ पॉझिटिव्ह आले, तर त्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. सातव्या दिवशी ते निगेटिव्ह आले, तर त्यावरून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही.

आयजीएम आणि आयजीजी ही शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला दिलेले उत्तर. ते तयार व्हायला वेळ लागतो. आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागते आणि दहाव्या दिवसापर्यंत जवळपास सर्व रुग्णांत सापडते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी निगेटिव्ह येणे अपेक्षितच असते. त्यात सुटकेचा निःश्वास टाकण्यासारखे काही नाही. आयजीएम दोन-तीन महिने रक्तात रेंगाळते, हीही एक अडचण आहे. गणपतीत डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाला दिवाळीत टायफॉइडचा ताप आला, तर त्याचे आयजीएम तेव्हाही पॉझिटिव्ह येऊ शकते.

आयजीजीचा अर्थ लावणे सर्वांत अवघड. आयुष्यातल्या पहिल्या डेंग्यूत ते पहिल्या आठवड्याच्या शेवटी हळूहळू वाढू लागते आणि मग वर्षानुवर्षे टिकते. म्हणून नुसते आयजीजी पॉझिटिव्ह असेल, तर पूर्वी कधीतरी डेंग्यू होऊन गेला, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. परंतु डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्यापासून कायमचे संरक्षण देत नाही. दुसऱ्यांदा डेंग्यू झाला की शरीराची जुनी ओळख जागी होते आणि आयजीजी तापाच्या सुरुवातीच्या दिवसांतच झपाट्याने वाढते. आयजीएम मात्र कमी तयार होते, कधी चाचणीत दिसतही नाही. जुनी प्रतिपिंडे एनएस-१ला चिकटून बसत असल्याने तेही लवकर सापडेनासे होते.

समजा, एका चाळिशीच्या गृहस्थांना सोमवारी ताप भरला आणि रक्त गुरुवारी, म्हणजे चौथ्या दिवशी घेतले. एनएस-१ निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. प्लेटलेट्स एक लाख दहा हजार. ‘जुना डेंग्यू आहे, आता काही नाही,’ असे म्हणून हा रिपोर्ट बाजूला ठेवणे सोपे असते आणि तिथेच चूक होते. अंगदुखी, डोळ्यांमागचे दुखणे आणि उतरत्या प्लेटलेट्स यांच्या जोडीला हाच रिपोर्ट दुसऱ्यांदा झालेल्या डेंग्यूचाही असू शकतो. अशा वेळी दोन-तीन दिवसांनी रक्त पुन्हा तपासतात. आयजीएम तेव्हा उमटले, किंवा आयजीजीचे प्रमाण आधीच्या नमुन्यापेक्षा चौपट झाले, तर संसर्ग ताजा आहे हे स्पष्ट होते.

लॅबमध्ये वीस मिनिटांत निकाल देणारी पट्टीची चाचणी, म्हणजे रॅपिड कार्ड, सोयीचे असले तरी चुकते जास्त. ‘सी’ ही नियंत्रण रेघ उमटली नाही तर ते कार्ड बादच धरतात, आणि ठरलेली वेळ उलटून गेल्यावर दिसलेली फिकट रेघ ग्राह्य मानत नाहीत. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात खात्रीच्या निदानासाठी एलायझा पद्धत वापरतात: पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, त्यानंतर आयजीएम. आयजीएम एलायझाचे किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था सरकारी केंद्रांना पुरवते. तरीही जपानी मेंदूज्वर किंवा झिकासारख्या नातलग विषाणूंमुळे प्रतिपिंडांची चाचणी फसू शकते.

आजार किती गंभीर होईल, हे या तिन्हींपैकी एकही चाचणी सांगत नाही. वरच्या उदाहरणातल्या गृहस्थांचा ताप शनिवारी उतरला, तर धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होऊ शकतो, कारण रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचे प्रमाण बहुधा ताप उतरतानाच वाढते. त्या एक-दोन दिवसांत डॉक्टर हिमॅटोक्रिट आणि प्लेटलेट्स रोज पाहतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे लागते.