आठ उंदीर पुरले, मग सतरा हजार माणसं कशाला?

25 मे 1940. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत हॉवर्ड फ्लोरी या शास्त्रज्ञाने आठ उंदरांना जीवघेण्या जंतूंची लागण केली. त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना काहीच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काय दिसलं? औषध न मिळालेले चारही उंदीर मेलेले आणि औषध मिळालेले चारही जिवंत!

आता समजा, पेनिसिलिन अगदी निरुपयोगी असतं आणि आठातले कुठलेही चार उंदीर मरणारच असते. तर मरणारे चौघे नेमके औषध न मिळालेलेच निघतील, असा योग 70 मध्ये एकदा येतो. म्हणजे योगायोग म्हणून सोडून देण्याइतकी ही साधी गोष्ट नव्हती. फक्त आठ उंदरांवरून शास्त्रज्ञांना कळलं, की हाती काहीतरी जबरदस्त लागलंय.

आता दुसरं औषध घेऊ. ॲस्पिरिन, डोकेदुखीची जुनी गोळी. रक्त साकळायला मदत करणाऱ्या बारीक कणांचा चिकटपणा ती कमी करते. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकते. मग ही गोळी तिथे उपयोगी पडेल का? याची खात्री करायला 417 रुग्णालयं आणि 17,187 रुग्ण लागले! आयसिस-2 नावाच्या या चाचणीचा निकाल 1988 साली आला. निम्म्या रुग्णांना ॲस्पिरिन मिळालं होतं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलं होतं.

पाच आठवड्यांत नुसती गोळी मिळालेल्यांपैकी 1016 जण हृदयाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने दगावले. ॲस्पिरिन मिळालेल्यांपैकी 804. हजाराच्या हिशेबात सांगायचं तर एकीकडे 118 आणि दुसरीकडे 94. हजारात 24 जीव वाचले.

औषधाने पडलेल्या अशा फरकाला शास्त्रज्ञ ‘प्रभावाचा आकार’ म्हणतात. पेनिसिलिनचा प्रभाव प्रचंड होता: सगळे मेले आणि सगळे जगले, एवढा. ॲस्पिरिनचा प्रभाव खरा, पण छोटा. कारण नुसती गोळी घेऊनही हजारातले 882 जण वाचतच होते.

मग शंभर-शंभर रुग्ण घेऊन भागलं नसतं का? आधी एक नाणं घ्या आणि दहा वेळा उडवा. पाच छापे, पाच काटे यायला हवेत ना? करून बघा! अगदी चांगल्या नाण्यातही तीनदा प्रयोग केला, तर साधारण एकदा एकच बाजू सात किंवा जास्त वेळा पडते. नाण्यात खोट काहीच नसते, हा फक्त नशिबाचा हेलकावा. पण तेच नाणं शंभरदा उडवा. एकच बाजू सत्तर किंवा जास्त वेळा पडणं दहा हजार प्रयोगांत एकदाही कठीण!

रुग्णांच्या गटांतही असेच हेलकावे असतात. एका गटात योगायोगाने जरा जास्त आजारी माणसं येतात, तर दुसऱ्यात जरा धडधाकट. शंभर-शंभरांचे दोन गट घेतले, तर ॲस्पिरिनमुळे सरासरी दोन-तीनच जीव वाचलेले दिसतील. आणि नशिबाचा हेलकावा? औषध अजिबात काम करत नसतानाही दोन गटांत चार-पाच मृत्यूंचा फरक सहज पडतो. म्हणून शास्त्रज्ञांनी एक रिवाज पाळलाय. औषध निरुपयोगी असताना जेवढा फरक शंभरात पाचहून कमी वेळा दिसेल, तेवढा मोठा फरक दिसला तरच त्याची दखल घ्यायची. इथे त्यासाठी किमान नऊ मृत्यूंचा फरक हवा. दोन-तीनांचा खरा फरक तिथवर पोचणार कसा?

नशिबाची साथ मिळाली तरच. हिशेब केला तर अशा शंभर चाचण्यांपैकी जेमतेम आठ-नऊ चाचण्यांना ॲस्पिरिनचा गुण सापडेल. बाकीच्या नव्वदेक चाचण्यांचा निकाल एकच: ‘फरक आढळला नाही’. फरक असेल तर तो पकडण्याच्या चाचणीच्या या क्षमतेला सांख्यिकीत ‘पॉवर’ म्हणतात. या चाचणीची पॉवर फक्त आठ-नऊ टक्के.

आता खरी गंमत बघा. माणसं चौपट केली, की खरा फरक चौपट होतो, पण हेलकावा फक्त दुप्पट. माणसं शंभरपट केली, तर फरक शंभरपट आणि हेलकावा फक्त दहापट. प्रत्येक गटात सुमारे 2600 रुग्ण घेतले, तर पॉवर 80 टक्क्यांवर पोचते. आयसिस-2 मध्ये एकेका गटात सुमारे 8600 रुग्ण होते. तिथे दखल घ्यायला साधारण 80 मृत्यूंचा फरक पुरला असता. प्रत्यक्षात तो होता 212! शंका घ्यायला जागाच उरली नाही.

याआधी, 1974 साली, ब्रिटनमध्ये आर्ची कॉक्रन, पीटर एलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका येऊन गेलेल्या 1239 पुरुषांवर ॲस्पिरिनची चाचणी केली होती. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले खरे, पण तो फरक योगायोगाचाही असू शकत होता. ‘आमचा निकाल पक्का नाही,’ असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. ‘ॲस्पिरिनचा उपयोग नाही’ असं लिहिलं नाही, हे लक्षात घ्या. त्यांनी तसं लिहिलं असतं आणि सगळ्यांना ते पटलं असतं, तर पुढच्या मोठ्या चाचण्या कदाचित झाल्याच नसत्या.

आणि मोठ्या चाचणीचे तुकडे केले तर? आयसिस-2 च्या शास्त्रज्ञांनी हे मुद्दाम करून दाखवलं. रुग्णांची वाटणी त्यांनी चक्क राशींनुसार केली, जन्मतारखेवरून ठरणाऱ्या पाश्चात्त्य राशींनुसार. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिन घेणारे 150 जण दगावले, न घेणारे 147. म्हणजे या दोन राशींना ॲस्पिरिन लागू पडत नाही? छे! 17 हजारांचे बारा तुकडे केल्यावर एकेका राशीच्या वाट्याला येतात सुमारे चौदाशे माणसं, आणि तीही दोन गटांत विभागलेली. पॉवर पुन्हा घसरली. मग बारातल्या एखाद-दोन तुकड्यांत खरा फरक हेलकाव्याखाली बुडणारच. ग्रहताऱ्यांचा त्यात काही संबंध नाही.

मग प्रत्येक वेळी हजारो माणसं घ्यायची का? तसंही नाही. फरक मोठा असेल तर आठ उंदीर पुरतात, आणि विनाकारण जास्त रुग्णांना चाचणीत ओढणंही बरोबर नाही. म्हणून चाचणी सुरू व्हायच्या आधीच शास्त्रज्ञ ठरवतात, की निदान किती छोटा फरक आपल्या हातून सुटता कामा नये. त्यावरून किती माणसं लागतील, याचा हिशेब मांडतात.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, ‘अमुक उपायाने काही फरक पडत नाही, असं संशोधनात दिसलं’ अशी बातमी वाचलीत, की लगेच दोन प्रश्न विचारा. किती जणांवर पाहिलं? आणि केवढा छोटा फरक त्यांना दिसू शकला असता? उत्तर ‘वीस-पंचवीस जण’ असेल आणि फरक छोटा असण्याची शक्यता असेल, तर त्या बातमीचा अर्थ एवढाच, की अजून काही कळलेलं नाही.