पाळीचा पहिला दिवस आणि इन्शुलिनचा डोस

शुगरच्या वहीत सहसा उपाशीपोटी, जेवणाआधी, जेवणानंतर आणि झोपताना असे रकाने असतात. पाळीचा रकाना नसतो. त्यामुळे दर महिन्याला ठरावीक चार-सहा दिवस साखर चढली, की दोष गोडाधोडावर, जागरणावर नाहीतर टेन्शनवर जातो. टाइप वन मधुमेह असलेल्या अनेकजणींच्या बाबतीत मात्र ते काम प्रोजेस्टेरॉनचं असतं.

बीज सुटल्यावर, म्हणजे पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी, हे संप्रेरक वाढू लागतं आणि आठवडाभरात शिखर गाठतं. त्या काळात शरीर इन्शुलिनला एरवीइतकी दाद देत नाही. जिचं स्वादुपिंड शाबूत आहे तिच्या शरीरात इन्शुलिन थोडं जास्त सुटतं आणि तिला पत्ताही लागत नाही. टाइप वनमध्ये इन्शुलिन टोचूनच घ्यायचं असल्याने पेनवरचा आकडा तोच राहिला की साखर वर जाते. पाळी तोंडावर आली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, आणि त्याबरोबर इन्शुलिनची गरजही. चढत्या साखरेची धास्ती सगळ्यांनाच असते. मला जास्त काळजी या उताराची वाटते.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीहून ठाण्याला नोकरीला जाणारी, पाळी नियमित असलेली बाई. रात्री दहाला ग्लार्जिन २० युनिट, आणि नाश्ता, दुपारचं व रात्रीचं जेवण यांच्याआधी जलद इन्शुलिन ६-६ युनिट. एरवी सकाळची उपाशीपोटीची साखर १२०च्या आसपास असते. पाळीच्या चार दिवस आधी ती १७० होते, मग १९०, मग २०५. जेवणात बदल नाही. मागच्या तीन महिन्यांच्या वहीतही हेच दिसल्यामुळे डॉक्टरांनी तिला या दिवसांत रात्रीचा डोस २२ करायला सांगितलेला असतो. साखर आटोक्यात येते.

पुढच्या सकाळी पाळी येते. साखर ९६, म्हणजे छान. ती नेहमीचे ६ युनिट घेते, पोटात दुखतंय म्हणून दोनाऐवजी एकच पोळी खाते आणि स्टेशन गाठते. जिना, फलाटावरची धावपळ, मग लेडीज डब्यात उभ्याने प्रवास. बऱ्याच फास्ट लोकल डोंबिवली सुटल्यावर थेट ठाण्यालाच थांबतात. मध्येच दरदरून घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी. मीटर ६२ दाखवतं. गर्दीचा किंवा पाळीचा अशक्तपणा म्हणून सोडून देण्यासारखीच ही लक्षणं, आणि फसगत तिथेच होते. ७०च्या खाली आकडा म्हणजे ताबडतोब तीन चमचे ग्लुकोज पावडर तोंडात टाकायची, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बिस्किटाला वेळ लागतो.

चुकलं कुठे? ग्लार्जिनचा परिणाम साधारण चोवीस तास राहतो. आदल्या रात्रीचे २२ युनिट दिवसभर काम करणारच होते, गरज मात्र रात्रीतच उतरली होती. म्हणून पाळी दिसली की त्याच रात्री २० वर यायचं हे तर खरंच, पण तेवढ्याने सकाळ सांभाळली जात नाही. त्या दिवशीच्या नाश्त्याचं इन्शुलिन किती कमी करायचं, हेही डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं लागतं. डेग्लुडेक असेल तर प्रश्न आणखी अवघड, कारण त्याचा परिणाम बेचाळीस तासांहून जास्त टिकतो आणि डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात. तिथे रात्रीचा डोस तसाच ठेवून जेवणाआधीच्या इन्शुलिनमध्ये फेरफार करणं अधिक सोयीचं पडतं.

दुसरी फसगत याच्या अगदी उलट आहे. पाळीत पोटात दुखतं, मळमळतं, म्हणून जेवण टळतं आणि 'जेवले नाही तर इंजेक्शन कशाला' म्हणून रात्रीचं इन्शुलिनही टळतं. ते बंद झालं की शरीरात कीटोन साचू लागतात, आणि त्याचीही लक्षणं पोटदुखी, मळमळ, उलटी हीच. नुसत्या लक्षणांवरून फरक कळत नाही. साखर २५०च्या वर असेल तर लघवीची कीटोन पट्टी बुडवून बघायची. रंग गडद झाला, उलट्या थांबत नसल्या किंवा धाप लागली, तर दवाखाना उघडायची वाट न बघता कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या मोठ्या इस्पितळात इमर्जन्सीला जायचं. पाळीच्या गोळीने दुखणं दबलं तरी कीटोन कमी होत नाहीत.

हे चढउतार सगळ्यांना होत नाहीत, आणि होतात त्यांनाही दर महिन्याला सारखे नसतात. तीन महिन्यांच्या सरासरीच्या एचबीएवनसी तपासणीत ते दिसणारही नाहीत. वहीत पाळीच्या पहिल्या दिवसाभोवती लाल गोल करायचा आणि त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या फक्त सकाळच्या, उपाशीपोटीच्या आकड्यांवर नजर फिरवायची; त्यात जेवणाची भेसळ नसते. तीन गोलांआधी तोच चढ दिसला तर डोस बदलण्याबद्दल बोलण्यात अर्थ आहे. पीसीओएसमुळे किंवा चाळिशीनंतर पाळी पुढेमागे होत असेल, तर कॅलेंडरवरच्या तारखेला डोस वाढवणं धोक्याचं. तिथे सकाळचे चढते आकडे बघूनच पाऊल उचलावं लागतं.